बाण कुठे वळला? आयगेन व्हेक्टरच्या प्रेझेंटेशननंतर विचारायचे प्रश्न

दुसऱ्या वर्षाच्या मुलांची लिनिअर अल्जिब्राची प्रेझेंटेशन्स ऐकायला बसलं की एक स्लाइड हमखास येते. वर मॅट्रिक्स, ओळी (2, 1) आणि (1, 2). खाली det(A − λI) = 0, मग λ² − 4λ + 3 = 0, मग λ = 3 आणि λ = 1, आणि शेवटी चौकटीत (1, 1) आणि (1, −1). सगळं बिनचूक. मागच्या सत्रात अशाच एका मुलाला मी विचारलं, "(1, 1) ला हे मॅट्रिक्स लावलं की काय होतं?" त्याने फळ्यावर गुणाकार केला, (3, 3) लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे काय झालं?"

"मॅडम, तीन बाहेर काढला की λ येते."

चूक त्याची नव्हती. प्रश्नच असा होता की गुणाकार केला की सुटतो. आयगेन व्हेक्टरचा अर्थ कळलाय का हे बघायचं असेल तर प्रश्न असा हवा की ज्याला समीकरण सोडवता येतं पण चित्र दिसत नाही तो अडेल, आणि ज्याला चित्र दिसतं तो कागद-पेन न घेता उत्तर देईल. असे प्रश्न ऐनवेळी सुचत नाहीत, म्हणून मी आता पाच छापील कागद घेऊनच वर्गात जाते. कागद कसे करायचे, त्यांवरून कोणत्या क्रमाने विचारायचं आणि उत्तर पाठ केलेलं आहे हे कशावरून ओळखायचं, ते इथे लिहिते.

आधी कागद तयार करा

कल्पना साधी आहे. कागदावर एक वर्तुळ, त्यावर दर १५ अंशांवर एक ठिपका. प्रत्येक ठिपका म्हणजे केंद्रापासून निघालेला एक लांबीचा व्हेक्टर x. आता Ax हा बाण केंद्रापासून काढायचा नाही, त्या ठिपक्यापासूनच पुढे काढायचा. मूळ व्हेक्टर संपतो तिथे त्याचा निकाल सुरू होतो. असं केलं की आयगेन व्हेक्टर शोधावाच लागत नाही. जो बाण केंद्र आणि ठिपका यांच्याच रेषेत राहतो तो आयगेन व्हेक्टर, बाकीचे सगळे वळलेले दिसतात.

```python
import numpy as np, matplotlib.pyplot as plt
A = np.array([[2, 1], [1, 2]])
t = np.radians(np.arange(0, 360, 15))
x = np.array([np.cos(t), np.sin(t)])
y = A @ x
plt.plot(x[0], x[1], 'k.')
plt.quiver(x[0], x[1], y[0], y[1], angles='xy', scale_units='xy', scale=1)
plt.xlim(-4, 4); plt.ylim(-4, 4)
plt.gca().set_aspect('equal'); plt.axis('off')
plt.savefig('kagad1.png')
```

`scale=1` विसरू नका. तो नसेल तर matplotlib बाणांची लांबी स्वतःच्या मर्जीने ठरवतं आणि λ किती हे चित्रातून वाचता येत नाही. `set_aspect('equal')` नसेल तर वर्तुळ चेपतं आणि कोन खोटे दिसतात. `axis('off')` मी मुद्दाम ठेवलंय. अक्षांवर आकडे दिसले की मुलं बाणाची टोकं मोजून मॅट्रिक्स परत उभं करतात आणि पुन्हा det वर येतात. एका मुलीने खरोखर तसं केलं होतं. हुशारीचं काम होतं, पण मला जे तपासायचं होतं ते राहूनच गेलं.

फक्त A आणि फाइलचं नाव बदलून पाच कागद काढा. पहिला वरच्या स्लाइडवरचा. दुसरा परावर्तन, म्हणजे ३० अंशांच्या रेषेत आरसा ठेवल्यासारखा: `[[0.5, 0.866], [0.866, -0.5]]`. तिसरा आडव्या अक्षावर पाडलेली सावली: `[[1, 0], [0, 0]]`. चौथा शिअर: `[[1, 1], [0, 1]]`. पाचवा ९० अंशांचं फिरवणं: `[[0, -1], [1, 0]]`. मॅट्रिक्स कागदावर लिहायचं नाही. मागे पेन्सिलने नंबर टाका, नाहीतर तुमचाच गोंधळ होतो.

पहिला प्रश्न सोपा असू द्या

प्रेझेंटेशन संपल्यावर मुलाचा घसा कोरडा असतो. त्याच्या स्वतःच्या उदाहरणाचा पहिला कागद हातात द्या आणि विचारा, "तुझे दोन आयगेन व्हेक्टर यात दाखव." बहुतेक जण ४५ अंशांचा लांब बाण लगेच दाखवतात. मग विचारा, "सरळ गेलेले बाण एकूण किती?" चार आहेत. ४५ आणि २२५ अंशांवर तीन लांबीचे, १३५ आणि ३१५ अंशांवर एक लांबीचे. "पण तू तर दोनच लिहिलेस?"

इथे पहिली फट दिसते. ज्याच्या डोक्यात आयगेन व्हेक्टर म्हणजे चौकटीतलं उत्तर (1, 1) आहे, तो म्हणतो की बाकीचे दोन जास्तीचे आहेत. ज्याला कळलंय तो म्हणतो की रेघा दोनच आहेत, बाण कुठूनही काढा. "(5, 5) चालेल का? (−2, −2)?" हे जोडून विचारलं की कळतं, त्याने रेघ पाहिली की संख्यांची जोडी. यावर फार वेळ घालवू नका, हा नुसता दाराचा खटका आहे.

"दिशा बदलत नाही" हे वाक्य पकडा

जवळपास प्रत्येक स्लाइडवर एक वाक्य असतं: आयगेन व्हेक्टरची दिशा बदलत नाही. ते कुठून येतं हे सांगायला नको. दुसरा कागद पुढे करा, आरशाचा. यात ३० आणि २१० अंशांवरचे बाण सरळ बाहेर जातात, एक लांबीचे. आणि १२० व ३०० अंशांवरचे बाण ठिपक्यापासून उलटे फिरून बरोबर केंद्रात येऊन थांबतात. विचारा, "हे केंद्रात घुसलेले बाण आयगेन व्हेक्टरचे आहेत का?"

पाठ केलेलं वाक्य इथे उपयोगी पडत नाही, कारण दिशा तर उलटली आहे. काही जण ठामपणे "नाही" म्हणतात. त्यांना थेट "चूक" म्हणू नका, विचारा, "आरशाला काटकोनात उभी असलेली काठी आरशात कुठे दिसते?" त्याच रेषेत, पलीकडे. रेघ तीच राहिली, बाण तिच्यावरच उलटा झाला, λ = −1. मग लगेच त्याच्याकडून वाक्य दुरुस्त करून घ्या. "दिशा"ऐवजी "रेघ" हा शब्द त्याच्याच तोंडून आला पाहिजे. तुम्ही सांगितलात तर तो आणखी एक पाठ केलेला शब्द होतो.

लगेच तिसरा कागद, सावलीचा. ९० आणि २७० अंशांवर बाणच नाही, नुसता ठिपका. "इथे काय झालं?" बाण चिरडून शून्य झाला. "मग ही उभी रेघ आयगेन व्हेक्टरची की नाही?" इथे जो फरक व्हायला हवा तो बारीक आहे. शून्य व्हेक्टर आयगेन व्हेक्टर नसतो, पण शून्यावर जाणारा व्हेक्टर असतो, त्याची λ = 0. मुलं या दोघांत हमखास गफलत करतात, कारण दोन्ही वाक्यांत "शून्य" हा शब्द आहे. विचारण्याची पद्धत: "मूळ व्हेक्टर शून्य आहे की निकाल?" एवढं विचारलं की बहुतेकांचं गाडं रुळावर येतं.

मुख्य प्रश्न: लांब अक्ष आणि आयगेन व्हेक्टर

माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न हा आहे, आणि यासाठी वेळ राखून ठेवा.

पहिल्या कागदावरच्या मॅट्रिक्सने वर्तुळाचं काय होतं हे विचारा. लंबवर्तुळ होतं. त्याचा लांब अर्धअक्ष ३, आखूड १. "लांब अक्ष कुठल्या दिशेला?" ४५ अंशांना, म्हणजे λ = 3 च्या रेघेवर. मुलाला आता एक छान नियम सापडल्यासारखं वाटतं: सगळ्यात जास्त ताणलं जातं ती दिशा म्हणजे आयगेन व्हेक्टर. त्याला तसं म्हणू द्या. थोडं मान डोलवलीत तरी चालेल.

मग चौथा कागद, शिअरचा. शिअर कळायला वह्यांचा गठ्ठा पुरे. टेबलावर वीस वह्यांची चवड करा आणि बाजूने तळहात तिरका टेकवून ढकला. सगळ्यात खालची वही जागची हलत नाही, वरची सगळ्यात जास्त सरकते. प्रत्येक वही आडवीच राहते, उभी कड मात्र कलते. आता विचारा, "या मॅट्रिक्सने वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. त्याचा लांब अक्ष आयगेन व्हेक्टर आहे का?"

नियम सापडलेला मुलगा "हो" म्हणतो. आकडे असे आहेत: सगळ्यात जास्त ताणला जाणारा व्हेक्टर सुमारे ५८ अंशांवर असतो आणि तो १.६१८ पट लांब होतो. पण निकाल निघतो सुमारे ३२ अंशांवर. म्हणजे सगळ्यात जास्त ताणलेला व्हेक्टर जवळजवळ २६ अंश वळला! तो आयगेन व्हेक्टर असूच शकत नाही. आणि जी आडवी रेघ खरंच जागेवर राहिली ती जराही ताणली गेलेली नाही, तिची λ = 1.

हे आकडे मुलाला तोंडी द्यायचे नाहीत. कागदावर ६० अंशांच्या ठिपक्यावर बोट ठेवायला सांगा आणि विचारा, "हा बाण लांब आहे, मान्य. पण तो रेषेत आहे का?" उजवीकडे ढळलेला दिसतो. तिथून पुढचं तो स्वतः बोलतो: लांब अक्ष हे "सर्वांत मोठा निकाल कुठे" याचं उत्तर आहे, आयगेन व्हेक्टर हे "स्वतःच्या रेघेवर कोण राहिलं" याचं. सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच रेघेवर येतात, म्हणून ते दोन प्रश्न आहेत हेच लक्षात येत नाही. आणि वर्गात घेतलेली उदाहरणं बरेचदा सिमेट्रिक असतात, कारण आकडे नीट निघतात. शिक्षकांनी निवडलेल्या उदाहरणांमुळे झालेला गैरसमज आहे हा, मुलाच्या माथी मारू नका.

वळण कुठल्या बाजूला?

शिअरचा कागद हातात असतानाच पुढचा प्रश्न. "केंद्रात उभं राहून बाहेर बघतोयस असं समज. कुठला बाण डावीकडे वळलाय, कुठला उजवीकडे?" पहिल्या कागदावर ३० अंशांचा बाण डावीकडे वळलेला दिसतो, ६० अंशांचा उजवीकडे. मध्ये ४५ वर सरळ. आता मी कधी कधी एक सहावा कागद काढते: `[[1, 1], [0, 1.5]]`. यात आडवा बाण सरळ आहे, पण दुसरा सरळ बाण कुठेच दिसत नाही. १५ अंशांचा डावीकडे कललाय, ३० अंशांचा उजवीकडे.

"मग दुसरा आयगेन व्हेक्टर आहे की नाही?"

हे मला फार आवडतं, कारण इथे हिशोब नाहीच. वळण डावीकडून उजवीकडे गेलं, तर वाटेत कुठेतरी ते शून्य झालंच पाहिजे. म्हणजे १५ आणि ३० च्या मध्ये एक रेघ आहेच, माझ्या ठिपक्यांमध्ये ती निसटली. पाहिजे तर नंतर ताडून बघू द्या: (1, 0.5) हा व्हेक्टर, सुमारे २६.६ अंश, λ = 1.5.

आता शिअरच्या कागदावर आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बघायला सांगा. +१५ अंशांचा बाण उजवीकडे, −१५ अंशांचाही उजवीकडे. वळण शून्याला शिवलं आणि परत त्याच बाजूला गेलं, ओलांडलं नाही. भिरभिऱ्यासारख्या पाचव्या कागदावर सगळे बाण डावीकडेच, शून्याला शिवणंसुद्धा नाही. ओलांडणं, शिवून परत येणं आणि अजिबात न शिवणं, या तीन गोष्टी म्हणजेच त्या λ च्या वर्गसमीकरणाची दोन मुळं, एक दुहेरी मूळ आणि एकही वास्तव मूळ नसणं. हे मुलाकडून वदवून घेता आलं तर त्याच्या स्लाइडवरचं समीकरण आणि हातातला कागद यांची गाठ पडते.

शिअरबद्दल एक पुरवणी प्रश्न हमखास उपयोगी पडतो: "2×2 मॅट्रिक्सला दोन आयगेन व्हेक्टर असतात म्हणालास, मग याचा दुसरा कुठे गेला?" काही मुलं घाबरून (0, 1) सांगतात, वह्यांची उभी कड! ती तर डोळ्यांदेखत कलली. उत्तर आकड्यांतून हवं असेल तर उजव्या खालच्या कोपऱ्यातला 1.5 हळूहळू 1 कडे आणा. 1.5 असताना दुसरी रेघ २६.६ अंशांवर, 1.1 असताना ५.७ अंशांवर. कात्री मिटावी तशी दुसरी रेघ पहिलीवर येऊन बसते, आणि 1 झाल्यावर वेगळी उरतच नाही.

पुन्हा पुन्हा लावलं तर

शेवटी भाकीत करायला लावणारा प्रश्न. पहिल्याच मॅट्रिक्सकडे परत या. "(1, −0.9) घे. तो (1, −1) च्या रेघेला जवळजवळ चिकटलेला आहे. मॅट्रिक्स चार वेळा लावलं तर तो कुठे असेल? आधी सांग, मग कर." बहुतेकांचा अंदाज असतो की जवळच राहील, रेघ तर इतकी जवळ आहे. प्रत्यक्षात (1.1, −0.8), मग (1.4, −0.5), मग (2.3, 0.4), मग (5, 3.1). चौथ्या पायरीला तो (1, 1) च्या बाजूला ओढला गेलेला असतो.

कारण विचारा, आणि λ मोठी आहे एवढ्यावर सोडू नका. चांगलं उत्तर असं असतं: त्या व्हेक्टरमध्ये (1, 1) चा एक बारीक तुकडा होता, ०.०५ एवढा. तो दर वेळी तिप्पट होत गेला, आणि (1, −1) चा ०.९५ चा तुकडा जिथल्या तिथे राहिला. कागदावर हेच दिसतं. १३५ अंशांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे बाण तिच्यापासून दूर वळलेले आहेत, ४५ अंशांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे तिच्याकडे. ज्याने ते आधी पाहिलं तो भाकीत बरोबर करतो.

उत्तर ऐकताना

प्रश्न विचारल्यावर किमान दहा सेकंद गप्प राहा. मला ते अजूनही जड जातं. मुलगा मॅट्रिक्स लिहायला लागला तर अडवू नका, "लिही, पण आधी कुठली रेघ येईल ते बोटाने दाखव" म्हणा. बोट आधी आणि आकडे नंतर, हा क्रम बदलायचा नाही. बोट चुकलं आणि मग हिशोबाने स्वतःच सुधारलं तर मी पूर्ण गुण देते. आकडे बरोबर आले पण बोट हललंच नाही, तर निम्मे.

पाठ केलेल्या उत्तराची एक खूण आहे. तुम्ही प्रश्नातला एखादा तपशील बदललात तरी वाक्य बदलत नाही. आरसा ३० अंशांवरून ७० अंशांवर नेला तर आयगेन रेघा कुठे, असं विचारा. ७० आणि १६० अंश, हे ज्याला दिसलंय तो लगेच सांगतो. दुसरा पुन्हा व्याख्या म्हणतो.

पाचव्या कागदावर कधी कधी एखादी मुलगी म्हणते, "मॅडम, पण याच्या आयगेन व्हॅल्यू i आणि −i आहेत ना?" बरोबर आहे, आणि या कागदावर त्यांची रेघ काढता येत नाही हेही बरोबर. तिला एवढंच विचारा: "हेच फिरवणं दोनदा लावलं तर?" प्रत्येक बाण उलटा होतो, म्हणजे आता कुठलीही रेघ घ्या, ती जागेवर आहे आणि λ = −1. मागच्या वेळी ही मुलगी क्षणभर कागदाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे i चा वर्ग."